पाचच का? डिप्रेशनच्या निदानातल्या एका आकड्याची गोष्ट

आजचा एपिसोड एका आकड्याबद्दल आहे. इतिहासाचाच एपिसोड आहे, पण सुरुवात माझ्या फोनपासून करतो.

मागच्या वर्षी दोन-अडीच महिने माझं काहीतरी बिनसलं होतं. झोप उडालेली, कोड रिव्ह्यू करताना तीच ओळ चार-चार वेळा वाचायची, रविवारी संध्याकाळी छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. एका रात्री दीडच्या सुमारास मी फोनवर नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो कुठल्यातरी अ‍ॅपवर पाहिला असेल. 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा असं वाटलं...' असे प्रश्न, आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. माझी बेरीज आली ९. स्क्रीनवर हिरवी पट्टी आली, 'सौम्य'. चार दिवसांनी परत भरला, बेरीज ११. आता पट्टी नारिंगी, 'मध्यम. तज्ज्ञांशी बोला'. चार दिवसांत माझ्यात काय बदललं होतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. एका प्रश्नाला 'काही दिवस' ऐवजी 'निम्म्याहून जास्त दिवस' असं दाबलं होतं, आणि दुसऱ्याही एकाला तसंच.

मी इंजिनियर माणूस. कुठे `if score >= 10` दिसलं की पहिला प्रश्न पडतो, हा १० कुणी टाकला? म्हणून मागे मागे जात राहिलो. १० च्या मागे ५ सापडला, ५ च्या मागे ६, आणि ६ च्या मागे जे सापडलं ते ऐकून मी रात्री एकटाच हसलो.

तर चला, १९५७ मध्ये जाऊया. अमेरिकेतलं बोस्टन. वॉल्टर कॅसिडी नावाचे डॉक्टर आणि त्यांचे सहकारी एक पेपर छापतात. त्या काळात अमेरिकेत मनोविश्लेषणाचा जोर होता. पेशंटच्या बालपणात काय घडलं, मनात कुठला संघर्ष चाललाय, याला महत्त्व. लक्षणं मोजणं हे जरा खालच्या दर्जाचं काम समजलं जायचं. कॅसिडींच्या गटाने नेमकं तेच केलं. त्यांनी १०० मानसिक आजाराचे पेशंट आणि ५० शारीरिक आजाराचे पेशंट घेतले आणि प्रत्येकाला तेच ते प्रश्न विचारले. मग निकष ठरवला: मन खिन्न असणं, आणि शिवाय दहा लक्षणांपैकी किमान सहा. त्या दहांत झोप न येणं होतं, भूक मंदावणं होतं, मरणाचे विचार होते, आणि हो, बद्धकोष्ठताही होती. (ती पुढे यादीतून गळली. आपल्याकडच्या आज्ज्यांना विचारलं असतं तर गळली नसती.)

सहाच का? कॅसिडींना हे पुढे कित्येक वर्षांनी कुणीतरी विचारलं. त्यांचं उत्तर साधारण असं होतं, की तेवढे ठीक वाटले. बस्स.

आता यात त्यांची चेष्टा करायचा माझा हेतू नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागणार होती आणि त्यांनी ती उघडपणे मारली. गंमत पुढे आहे.

कॅसिडींचा वारसा सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत गेला. तिथे एली रॉबिन्स, सॅम्युएल गूझ आणि जॉर्ज विनोकुर हे तिघे लक्षणं मोजण्याच्याच पंथातले. त्यांच्याकडे शिकणाऱ्या जॉन फायनर या तरुण डॉक्टरच्या नावाने १९७२ मध्ये निकषांची एक यादी छापली गेली. तिच्यात डिप्रेशनसाठी खिन्न मन अधिक आठपैकी पाच लक्षणं, आणि हे सगळं किमान महिनाभर. चारच लक्षणं असतील तर 'संभाव्य' डिप्रेशन. हे 'संभाव्य' लक्षात ठेवा. रेघेच्या अलीकडे लगेच दरी नसते, हे त्या लोकांना ठाऊक होतं. पुढे हा शब्द हरवला.

पण अशा याद्यांची एकदम गरज का वाटली? त्याच सुमाराला अटलांटिकच्या दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांची एक नाचक्की झाली होती. न्यूयॉर्कच्या इस्पितळांत स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त व्हायचं. अमेरिकन लोक वेगळे आहेत की अमेरिकन डॉक्टर वेगळे आहेत? हे तपासायला दोन्हीकडच्या शेकडो मनोविकारतज्ज्ञांना त्याच पेशंटांच्या मुलाखतींच्या चित्रफिती दाखवल्या. त्यातल्या एका तरुणाला ६९ टक्के अमेरिकन डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हटलं. ब्रिटिशांपैकी किती जणांनी? २ टक्के. पेशंट तोच, फीत तीच. त्याने विमानात बसून समुद्र ओलांडला असता तर त्याचा आजारच बदलला असता.

या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्कचे रॉबर्ट स्पिट्झर पुढे येतात. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचं निदानाचं पुस्तक आहे, डीएसएम. त्याची तिसरी आवृत्ती १९८० मध्ये आली आणि तिचे मुख्य शिल्पकार स्पिट्झर. त्यांना काय हवं होतं, तर दोन डॉक्टरांनी एकच पेशंट पाहिला तर दोघांचं उत्तर एकच यावं. म्हणून प्रत्येक आजाराला यादी आणि प्रत्येक यादीला आकडा. डिप्रेशनसाठी सेंट लुईसची यादी जवळपास उचललीच, महिन्याचे मात्र दोन आठवडे झाले. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत आजची मांडणी ठरली: नऊपैकी किमान पाच लक्षणं, त्यात खिन्न मन किंवा रस उडणं यांपैकी एक हवंच.

पुढे डॅनियल कारलॅट नावाच्या डॉक्टर-लेखकाने स्पिट्झरना विचारलं, पाचच का? स्पिट्झरनी सरळ सांगितलं की हे एकमताने ठरलं. डॉक्टरांना, संशोधकांना विचारलं की तुमच्या मते किती हवीत, आणि पाच हा आकडा निघाला. तो मनानेच ठरवलेला आहे हेही त्यांनी मान्य केलं. चार कमी वाटली आणि सहा जास्त. म्हणजे १९५७ चं 'ठीक वाटले' तीस वर्षांनी समितीच्या कागदावर आलं, एवढाच फरक.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, आकडा अंदाजे निवडला, पण रेघेच्या दोन बाजूंची माणसं खरंच वेगळी निघाली तर काय बिघडलं? बरोबर. हा प्रश्न तपासता येतो आणि तो तपासलाही गेला. त्यासाठी आपण थोडं इंग्लंडला जाऊ.

समजा तांदूळ आणि तुरीची डाळ एकत्र सांडलीय. एकेक दाणा वजन करून आलेख काढला तर दोन उंचवटे दिसतील आणि मध्ये खळगा, कारण मधल्या वजनाचे दाणे फारसे नाहीतच. असा खळगा दिसला की समजायचं, हे दोन वेगळे प्रकार आहेत. पण एका शाळेतल्या मुलांच्या उंचीचा आलेख काढला तर एकच उंचवटा दिसतो. तिथे 'उंच' आणि 'बुटका' अशी रेघ मारता येते, पण ती आपण मारलेली असते.

१९६० च्या दशकात न्यूकॅसलमध्ये मार्टिन रॉथ आणि त्यांचे सहकारी म्हणत होते की डिप्रेशनचे दोन स्वतंत्र प्रकार आहेत, एक आतून येणारा आणि एक परिस्थितीला प्रतिक्रिया म्हणून येणारा. १९६५ मध्ये त्यांनी पेशंटांना लक्षणांनुसार गुण देऊन आलेख काढला आणि दोन उंचवटे मिळाले! लंडनच्या मॉड्सली इस्पितळातल्या परंपरेला हे पटत नव्हतं. तिथल्या ऑब्री लुईस यांनी १९३४ मध्येच ६१ पेशंटांचा बारकाईने अभ्यास करून म्हटलं होतं की असे कप्पे पाडता येत नाहीत. त्याच मॉड्सलीत रॉबर्ट केंडेल यांनी तसाच आलेख काढला. खळगा नाही. एकच उंचवटा.

मग न्यूकॅसलला दोन कसे दिसले? केंडेल यांनी एक शंका काढली, जी कुठल्याही डेटा लेबल करणाऱ्या माणसाला लगेच कळेल. गुण देणारे डॉक्टर दोन प्रकार आहेत असं आधीच मानत असतील, तर नकळत पेशंटला एका बाजूला ढकलून गुण देतील. 'हा पहिल्या प्रकारचा दिसतोय' असं वाटलं की बाकीची उत्तरंही त्या रंगात दिसायला लागतात. खळगा आलेखात येतो, पण तो पेशंटमध्ये असतोच असं नाही. न्यूकॅसलवाल्यांनी हे मान्य केलं नाही आणि वाद वर्षानुवर्षं चालला.

तो वाद डिप्रेशनच्या आतल्या दोन प्रकारांचा होता. आपल्या पाचच्या रेघेचं काय? १९९८ मध्ये केनेथ केंडलर (केंडेल नाही, केंडलर, नावं सारखी आहेत, मीही गोंधळलो होतो) आणि चार्ल्स गार्डनर यांनी व्हर्जिनियातल्या जुळ्या बहिणींच्या माहितीवर हे तपासलं. एका बहिणीला किती लक्षणं होती यावरून दोन गोष्टींचा अंदाज लावायचा: तिला पुढे परत त्रास होईल का, आणि तिच्या जुळ्या बहिणीला होईल का. पाच ही खरी सीमा असेल तर चारवरून पाचवर जाताना धोक्याची एकदम पायरी दिसायला हवी. तशी पायरी दिसली नाही. लक्षणं वाढतील तसा धोका हळूहळू चढत गेला, आणि पाचपेक्षा कमी लक्षणांनाही पुढच्या त्रासाशी संबंध होताच. निसर्गात जिना नव्हता, चढ होता. जिना आपण बांधलेला.

आता हे प्रत्यक्ष माणसांवर कसं उतरतं ते बघूया. डीएसएमची नऊ लक्षणं अशी: खिन्न मन, रस उडणं, भूक-वजनात बदल, झोपेत बदल, हालचालीत अस्वस्थता किंवा मंदपणा, थकवा, अपराधी किंवा कवडीमोल वाटणं, लक्ष न लागणं, आणि मरणाचे विचार. मी एक छोटा कोड लिहिला की पाचचा नियम किती वेगवेगळ्या प्रकारे पूर्ण होतो.

```python
from itertools import product
n = 0
for s in product([0, 1], repeat=9):
    if sum(s) >= 5 and (s[0] or s[1]):
        n += 1
print(n)  # 227
```

उत्तर २२७. एका नावाखाली २२७ जोडण्या. त्यातली तीन माणसं घेऊ, कल्पनेतली.

'अ' ला खिन्न मन, थकवा, झोप न लागणं, अपराधी वाटणं आणि लक्ष न लागणं. पाच झाली, लेबल मिळालं. 'ब' चा कशातच रस उरलेला नाही, भूक भरमसाठ वाढलीय, दिवसाचे बारा तास झोपते, हालचाल मंदावलीय आणि मरणाचे विचार येतात. पाच झाली, तेच लेबल. या दोघांत समान काय? फक्त झोप, आणि तीही एकाची उडालेली आणि दुसरीची वाढलेली. म्हणजे नऊपैकी आठ बाबतीत दोघं वेगळे आणि नवव्या बाबतीत उलटे. आता 'क'. याचं सगळं 'अ' सारखंच, फक्त अपराधी वाटत नाही. लक्षणं चार, लेबल नाही. 'क' आणि 'अ' मध्ये एका बिटचा फरक, 'अ' आणि 'ब' मध्ये आठ बिट्सचा. पण कप्प्यात 'अ' आणि 'ब' शेजारी बसलेत आणि 'क' दाराबाहेर उभा आहे.

एवढ्यावर थांबत नाही. आपल्याकडची इस्पितळं बऱ्याचदा डीएसएम नाही तर जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी यादी वापरतात. तिच्या दहाव्या आवृत्तीत तीन लक्षणं मुख्य मानली आहेत: खिन्न मन, रस उडणं आणि थकवा. त्यातली किमान दोन हवीत आणि एकूण चार झाली की 'सौम्य' डिप्रेशन. आता परत तिघांकडे बघा. 'क' कडे खिन्न मन आणि थकवा, शिवाय झोप आणि लक्ष. एकूण चार. 'क' ला लेबल मिळालं! आणि 'ब'? तिच्याकडे तीन मुख्यांपैकी एकच, रस उडणं. 'ब' बाहेर. पुस्तक बदललं आणि आतला बाहेर, बाहेरचा आत. अकराव्या आवृत्तीत आयसीडीनेही दहापैकी पाच असा नियम केला, म्हणजे 'क' पुन्हा बाहेर. त्या बिचाऱ्याला घरी बसल्या बसल्या आजार आला आणि गेला.

सराव असलेला डॉक्टर 'ब' ला घरी पाठवणार नाही, हे उघड आहे. मरणाचे विचार ऐकल्यावर कोण लक्षणं मोजत बसेल? आणि डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत 'क' सारख्यांसाठी वेगळं खोकं ठेवलंय, 'लक्षणं अपुरी असलेला' डिप्रेशनचा भाग. कप्प्यात न मावणाऱ्यांसाठी आणखी एक कप्पा. आमच्या कोडबेसमध्येही `misc` नावाचा फोल्डर असतोच, आणि महत्त्वाच्या गोष्टी नेमक्या त्यात सापडतात.

बरं, ज्या एकमतासाठी हा सगळा खटाटोप झाला ते तरी मिळालं का? पाचव्या आवृत्तीच्या वेळी दोन डॉक्टरांनी एकाच पेशंटला वेगवेगळं तपासलं आणि निदान किती जुळतं ते मोजलं. या मोजमापात ० म्हणजे नुसत्या योगायोगाइतकं जुळणं आणि १ म्हणजे तंतोतंत. २०१३ मध्ये आकडे छापले गेले. डिप्रेशनचा आकडा होता ०.२८. त्याच चाचण्यांत पेशंटांनी स्वतः 'किती त्रास होतो' याला दिलेले गुण बहुतेक ठिकाणी चांगले स्थिर निघाले. 'आहे की नाही' यावर वाद, 'किती' यावर त्यामानाने एकमत.

इथे वाटेल की मग कप्पे फेकून द्या आणि पट्टी वापरा. गंमत म्हणजे पट्टी बनवणाऱ्यांत कोण होते? स्पिट्झरच. कर्ट क्रोएंके आणि जॅनेट विल्यम्स यांच्यासोबत त्यांनी तोच नऊ प्रश्नांचा फॉर्म बनवला, पीएचक्यू-९. नऊ लक्षणं तीच, पण प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. आणि पट्टीवर पुन्हा रेघा आल्याच: ५, १०, १५, २०. हेच आकडे का? २००१ च्या पेपरमध्ये लेखकांनी दिलेलं पहिलं कारण व्यवहाराचं आहे: डॉक्टरांच्या लक्षात ठेवायला सोपे. दुसरी कारणंही होती, १० च्या रेघेला तपासणीचा आधारही आहे. पण माझी हिरवी पट्टी नारिंगी झाली त्याच्या मुळाशी पाचाचा पाढाही होता, हे कळल्यावर मला जरा हलकं वाटलं.

पट्टीही काही सोन्याची नाही. ती नऊही उत्तरं सारख्याच वजनाची धरते. १२ पैकी बरेचसे गुण झोप, थकवा, भूक यांतले असतील तर ते थायरॉइड असू शकतं, रक्त कमी असू शकतं, घरात दोन महिन्यांचं बाळ असू शकतं. आणि बेरीज ६ असली पण नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांना, शून्याऐवजी काहीही दाबलं असेल, तर ६ ला काही अर्थ उरत नाही. तेव्हा माणसाशी बोलावंच लागतं. (सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे.)

रेघ लागते, कारण निर्णय हो किंवा नाही असाच घ्यावा लागतो. गोळी अर्धी देता येते, अर्धं 'द्यायचं की नाही' करता येत नाही. ब्लड प्रेशरचं तसंच आहे. सलग चढणारा आकडा, पण कुठेतरी १४०/९० म्हणावं लागतं. २०१७ मध्ये अमेरिकेने ते १३०/८० केलं आणि लाखो लोक रातोरात 'बीपीचे पेशंट' झाले.

रेघ कुठे मारायची हे पलीकडे काय ठेवलंय त्यावरही ठरतं. आपल्या शेजारचं गोव्याचं उदाहरण घ्या. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, तो २०१७ मध्ये छापून आला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी डिप्रेशनच्या पेशंटांशी काही बैठका करायच्या. ४९५ लोक घेतले, आणि घेताना पीएचक्यू-९ ची अट १० नव्हती, १५ किंवा जास्त होती. फॉर्म तोच, पण प्रश्न वेगळा होता: जास्त त्रास असलेल्यांना या बैठकांचा उपयोग होतो का? (झाला.) म्हणून रेघ वर सरकली. १२ गुणांचा माणूस तिथे 'बरा' ठरला नाही, तो त्या प्रयोगाचा नव्हता, इतकंच.

माझ्या ११ चं पुढे काय झालं? मी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्क्रीनशॉट पाहिला आणि बाजूला ठेवला. कधीपासून आहे, कामावर काय बिघडतंय, घरी कोण आहे, दारू किती, मरणाचे विचार येतात का, असं विचारत राहिल्या. रक्त तपासायला सांगितलं. मग म्हणाल्या, हा फॉर्म दर पंधरा दिवसांनी त्याच वारी, त्याच वेळी भरा, रात्री दीडला नको. नंतरचे माझे आकडे आले १२, १२, ८, ६. त्यांनी ते कागदावर ठिपक्यांसारखे काढून जोडले आणि १० ची रेघ काढलीच नाही.

केसपेपरवर मात्र त्यांनी लिहिलं, `F32.0`. आयसीडीमध्ये त्याचा अर्थ सौम्य डिप्रेशन. मी विचारलं, पण मॅडम, १२ म्हणजे फॉर्मप्रमाणे मध्यम ना? त्या म्हणाल्या, "अहो, इथे काहीतरी लिहिल्याशिवाय तुमचं बिल विमावाले घेणार नाहीत."